तुम्ही विचारलंत म्हणून: दुबईचं कॉन्ट्रॅक्ट मधेच सोडताना

"दादा, कॉन्ट्रॅक्टला अजून आठ महिने आहेत पण घरी यायचंय. लेटर कसं लिहू? ग्रॅच्युइटी बुडेल का, आणि तिकीट कंपनी देते का?"

ग्रॅच्युइटी बुडत नाही, तिकिटाचं मात्र सांगता येत नाही, आणि हे दोन्ही एकाच दमात मागायचं नाही. मी तेच केलं होतं म्हणून सांगतो.

2023 च्या एप्रिलमध्ये बाबा कलमावरून पडले, हातात झेला, हापूस अर्धा काढून झालेला, खुब्याचं हाड मोडलं. दापोलीत आई एकटी. मी शारजात स्टोअरला, कॉन्ट्रॅक्ट जानेवारीपर्यंत. रात्री रूमवर बसून दोन पानी लेटर लिहिलं, त्यात बाबांचं ऑपरेशन, बाग, आईचा बीपी सगळं, आणि शेवटी "कृपा करून माझे पैसे आणि तिकीट द्यावं." आमचा मल्याळी अकाउंटंट भला माणूस, त्याने वाचून विचारलं, यात तुझा शेवटचा दिवस कुठला? तो मी लिहिलाच नव्हता! तो म्हणाला, पगार आणि ग्रॅच्युइटी तुझा हक्क, तिथे कृपा कसली, कृपा फक्त तिकिटाला माग.

मग अर्ध्या पानात बसलं. मराठीत सांगायचं तर असं: "घरगुती कारणासाठी मी राजीनामा देत आहे. करारातली 30 दिवसांची नोटीस आज 1 मे पासून धरावी, माझा शेवटचा दिवस 31 मे. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे 14 दिवसांत खात्यात जमा करावी आणि हिशोबाची कॉपी द्यावी. तसंच, मुंबईपर्यंतच्या परतीच्या तिकिटाचा विचार व्हावा ही विनंती." बाबांचं एकच ओळ, डॉक्टरांचा कागद जोडला.

तिकिटाला विनंती का, तर तिकडच्या कायद्यात घरी पाठवायचा खर्च कंपनीचा असतो, पण कॉन्ट्रॅक्ट कामगाराच्या बाजूने मोडलं तर खर्च त्याचा. म्हणून आधी तुमचं कॉन्ट्रॅक्ट काढा, त्यात परतीचं तिकीट वेगळं लिहिलं असेल तर त्या कलमाचा नंबर लेटरमध्ये घाला, मग ती विनंती राहत नाही. माझ्यात दोन वर्षांनी एकदा सुट्टीचं तिकीट एवढंच होतं आणि ते मी वापरलेलं.

गावात अजून जुनी माणसं सांगतात मुदतीआधी सोडलं की ग्रॅच्युइटी गेली. जुन्या कायद्यात पाच वर्षं भरली नसली तर तसंच होतं, त्यांचं चुकत नाही. पण फेब्रुवारी 2022 पासून नवा कायदा आहे, एक वर्ष भरलं की राजीनामा दिला तरी मिळते. हे फक्त यूएईचं सांगतोय, सौदीत राजीनाम्याला कापतात, कुवेतचा हिशोब वेगळा.

आता आकडे. ग्रॅच्युइटी बेसिकवर, पूर्ण पगारावर नाही. माझा पगार 1900 दिरहम पण बेसिक 1200, म्हणजे दिवसाचे 40. नोकरी 6 वर्षं 4 महिने. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवस, झाले 105. त्यापुढे वर्षाला 30 दिवस, म्हणजे 1 वर्ष 4 महिन्यांचे 40. एकूण 145 दिवस, 5800 दिरहम. शिल्लक रजा 18 दिवस, तीही बेसिकवर, 720. बिनपगारी सुट्टी घेतली असेल तर ते दिवस नोकरीत धरत नाहीत, ते आधीच वजा करा नाहीतर तुमचा आणि त्यांचा आकडा जुळणार नाही.

ऑफिसने हिशोब दिला त्यात ग्रॅच्युइटी 5320. मी कॅन्टीनमध्ये चहाच्या कपाशेजारी मोबाईलवर गुणून बघितलं तेव्हा कळलं, सगळ्या वर्षांना 21 नेच गुणलंय. मुद्दाम की चुकून देव जाणे. सही न करता त्याच कागदावर पेनने 145 दिवसांचा हिशोब लिहून परत दिला, तिसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आला. 480 दिरहम वाचले.

खरी अडचण सहीचीच असते बघा. व्हिसा कॅन्सल करताना एक कागद येतो, "सगळं येणं मिळालं" असा, आणि पीआरओ घाईत म्हणतो कर सही, पैसे येतील. मी आधी बँकेचा मेसेज बघितला आणि मग सही केली. तो वैतागला, वैतागू दे. आणि नोटीस न भरता गुपचूप विमानात बसायचं तर मुळीच नाही, गैरहजर म्हणून तक्रार टाकली की पुन्हा तिकडचा व्हिसा मिळणं कठीण. लेटरच्या कॉपीवर एचआरचा शिक्का आणि तारीख घ्या किंवा ईमेल करा, म्हणजे नोटीस कधी सुरू झाली यावर वाद नको.

तिकीट? एचआरने नाही म्हटलं. नवीन पोराला मी महिनाभर स्टॉक शिकवला त्याची मॅनेजरला जाण होती, त्याने मुंबईपर्यंतचं एकतर्फी काढून दिलं. मुंबईहून खेडपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी माझ्या पैशाने. कोकणात पाऊस नुकताच लागला होता, बाबा पडवीत वॉकर धरून उभे होते आणि पहिलं काय विचारलं, तर आंब्याची पेटी कितीला गेली ते आईने सांगितलं का.