बेसिन गुडगुडते तेव्हा दोष बेसिनचा नसतो : माझा अनुभव

आमच्या घरी कमोडचा फ्लश दाबला की शेजारच्या वॉशबेसिनमधून गुडगुड असा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने गटाराचा वास पसरायचा. प्रत्यक्ष दुरुस्ती अर्ध्या दिवसात उरकली. मात्र दोष बेसिनमध्ये नसून इमारतीच्या गच्चीवर आहे, हे संबंधितांकडून मान्य करून घेण्यात जो काळ गेला, त्याची चीड अजूनही पुरती गेलेली नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम आलेल्या प्लंबरने बेसिनखालचा बॉटल ट्रॅप उघडून धुतला आणि पाइपमध्ये चोकअप काढण्याची पावडर ओतली. आवाज तसाच राहिल्यावर ते म्हणाले, “ताई, ट्रॅप जुना झालाय, बदलूनच टाकू.” नवा ट्रॅप बसला, आवाज कायम राहिला. हा उपाय व्यर्थ का ठरणार होता, हे समजण्यासाठी ट्रॅपचे काम नेमके काय, ते पाहायला हवे. ट्रॅपमध्ये साधारण ५० ते ७५ मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते आणि तेच पाणी गटारातील हवा घरात येण्यापासून अडवते. या पाण्याला सील म्हणतात. त्याच्या एका बाजूला खोलीतील हवा आणि दुसऱ्या बाजूला पाइपमधील हवा असते. दोन्हीकडचा दाब सारखा असेल तोवर पाणी जागेवर राहते.

फ्लश केल्यावर पाच-सहा लिटर पाणी काही सेकंदांत इमारतीच्या मुख्य उभ्या पाइपमध्ये कोसळते. ते पाइपच्या भिंतींना चिकटून खाली घसरते आणि मधल्या पोकळीतील हवा आपल्याबरोबर ओढत नेते. ही हवा पाण्याच्या आकारमानाच्या कितीतरी पट असते. गेलेल्या हवेची जागा घ्यायला वरून नवी हवा यावी लागते, आणि त्यासाठीच उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन त्याचे तोंड उघडे ठेवतात. या वरच्या भागाला व्हेंट पाइप म्हणतात. तोंड बंद असेल, तर अरुंद गळ्याची भरलेली बाटली उलटी केल्यावर होते तसेच होते : पाण्याला वाट देण्यासाठी हवा मिळेल तिथून आत घुसते. आमच्या बाबतीत तिला सर्वांत सोपी वाट बेसिनच्या ट्रॅपमधून होती. खोलीतील हवा सीलच्या पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने पाइपमध्ये ओढली जात होती, आणि तोच तो आवाज होता.

त्यासाठी फार मोठा दाब लागत नाही. ५० मिलिमीटर पाण्याचा अडथळा ओलांडायला पाइपमधील दाब सुमारे ५०० पास्कलने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याने कमी झाला की पुरे. नीट आखलेल्या व्यवस्थेत हा फरक ३७५ पास्कलच्या, म्हणजे ३८ मिलिमीटर पाण्याच्या, आत ठेवतात, जेणेकरून फ्लशनंतर निम्मे सील तरी शिल्लक राहावे. बुडबुडे ऐकू येत असतील, तर ही मर्यादा ओलांडली गेली आहे असे समजावे. अधिक खोल ट्रॅप बसवला तर आवाज कमी होईल, पण पाइपमधील ओढ तशीच राहील आणि ती फ्लोअर ट्रॅपसारख्या दुसऱ्या उथळ ट्रॅपकडे वळेल.

इथपर्यंतचे समजून घेणे सोपे गेले. खरी अडचण पुढे आली. गच्चीचे कुलूप व्यवस्थापन समितीकडे होते, आणि मी अर्ज केल्यावर उत्तर आले की घरातील नळकाम ही सदनिकाधारकाची स्वतःची जबाबदारी आहे, तेव्हा आधी आपल्या प्लंबरकडून तसे लेखी आणावे. माझ्या प्लंबरचे म्हणणे होते की गच्ची पाहिल्याशिवाय तसे लिहून देता येणार नाही. हे वर्तुळ बराच काळ फिरत राहिले. समितीचे सचिव सज्जन होते, पण “आवाज तुमच्या घरात येतो, मग बिघाडही तुमच्याच घरात असणार” या वाक्याच्या पुढे ते जाईनात. दोष नुसता सांगून भागणार नाही, तो दाखवावा लागेल, हे माझ्या लक्षात आले.

बेसिनमध्ये आधी हळूहळू पाणी सोडून मी ट्रॅप पूर्ण भरून घेतला. मग लाकडी पट्टी जाळीतून सरळ खाली सोडली आणि ती कोठपर्यंत भिजली ते पाहून बेसिनच्या तळापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवले. एक फ्लश केला, पाणी स्थिर होऊ दिले आणि कोरडी पट्टी पुन्हा सोडली. पातळी सुमारे २८ मिलिमीटरने उतरली होती. आमच्या ट्रॅपचे सील ५० मिलिमीटरचे, म्हणजे एकाच फ्लशमध्ये निम्म्याहून जास्त सील गेले होते, आणि वास का येतो याचेही उत्तर त्यातच होते.

त्यानंतर दिशेची चाचणी घेतली. बेसिनच्या कडेचे ओव्हरफ्लोचे भोक चिकटपट्टीने बंद केले, ओल्या टिश्यू पेपरचा तुकडा जाळीवर पसरला आणि फ्लश दाबायला सांगितले. कागद मध्यभागी खोलगट होऊन जाळीच्या छिद्रांत रुतला. हवा आत ओढली जात असल्याची ही खूण आहे. कागद वर फुगला असता, तर बिघाड वेगळ्या जातीचा ठरला असता : पाइपमध्ये पुढे अडथळा आहे किंवा खालच्या वळणापाशी हवा दाबली जात आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांना बहुधा हा दुसरा प्रकार भोवतो. उभ्या पाइपमध्ये वरच्या बाजूला ओढ आणि तळाशी दाब निर्माण होतो. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो.

समितीचे तोंड बंद केले ते मात्र तिसऱ्या चाचणीने. खालच्या मजल्यावरील काकूंना मी ठरलेल्या वेळी त्यांचा फ्लश दाबण्याची विनंती केली आणि त्या वेळी सचिवांना आमच्या बेसिनपाशी उभे केले. आमच्या घरात कोणीही पाणी वापरत नव्हते. तरीही ठरलेल्या क्षणी कागद आत खेचला गेला आणि बेसिन गुडगुडले. केवळ आपल्याच फ्लशने आवाज होत असेल, तर दोष आपल्या आडव्या पाइपमध्येही असू शकतो. दुसऱ्याच्या फ्लशने होत असेल, तर संशय सामाईक उभ्या पाइपवर जातो. सचिव काही क्षण कागदाकडे पाहत राहिले, मग “पुन्हा एकदा करायला सांगा” म्हणाले. पुन्हाही तेच झाले. त्याच संध्याकाळी गच्चीची किल्ली मिळाली. त्या वेळी मला वाटलेले समाधान मी लपवणार नाही.

गच्चीवर कारण उघड्यावरच होते. वॉटरप्रूफिंगच्या वेळी व्हेंट पाइप फरशीपासून हातभर उंचीवर कापून त्यावर प्लास्टिकचे एंड कॅप चिकटवलेले होते. पाऊस आत जाऊ नये आणि गच्चीवर वास येऊ नये, असा त्यामागचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. पावसाची ही भीती किती निराधार आहे, ते हिशेबाने दिसते. ११० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर असते. तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळला तरी त्यातून तासाभरात एक लिटरही पाणी आत जात नाही, तर एकाच फ्लशला पाच-सहा लिटर जाते. वासाची अडचण खरी आहे, परंतु तिचा उपाय पाइप उंच नेणे हा आहे, तो बंद करणे नव्हे.

प्लंबरने कॅप कापून काढले. मी तोंडाजवळ वर्तमानपत्राचे पान धरले आणि खाली फोन करून फ्लश दाबायला सांगितले. पान हातातून निसटून पाइपच्या तोंडावर घट्ट बसले आणि काही सेकंदांनी सैल झाले. इतकी हवा आजवर आमच्या ट्रॅपमधून मागितली जात होती. नंतर पाइप माणसाच्या उंचीहून वर नेला, तोंड खिडक्यांपासून व पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवले आणि काऊल, म्हणजे बाजूंनी उघडे असलेले टोपण, बसवले. काऊलच्या फटींचे एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाहून कमी नसावे, आणि आत पक्ष्यांनी घरटे केले नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

मध्यंतरी प्लंबरने बेसिनखाली हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवण्याचे सुचवले होते, ते आधी सांगायचे राहिले. हा व्हॉल्व्ह पाइपमध्ये ओढ निर्माण झाली की उघडतो आणि एरवी बंद राहतो. ज्या बेसिनचा पाइप लांबून येतो आणि वेगळा व्हेंट काढता येत नाही, तिथे तो उपयोगी आहे. पण तो हवा फक्त आत घेतो, आतला दाब बाहेर सोडत नाही. त्यामुळे गच्चीवरील उघड्या तोंडाची जागा तो घेऊ शकत नाही. शिवाय तो हाताला येईल अशा ठिकाणी आणि ट्रॅपमधील पाण्याच्या पातळीहून वर बसवावा लागतो. आमच्याकडे तो बसवला असता, तर आमचा आवाज थांबला असता आणि खालच्या घरांचे ट्रॅप तसेच रिकामे होत राहिले असते.

ज्यांना आधी अडथळ्याची शंका दूर करायची आहे, त्यांनी कमोडकडे लक्ष द्यावे. फ्लशनंतर पाणी आधी वर चढून मग सावकाश उतरत असेल, किंवा फ्लोअर ट्रॅपमधून पाणी वर येत असेल, तर पुढे चोकअप आहे आणि व्हेंट उघडून काही साधणार नाही. बेसिन स्वतःचेच पाणी सोडताना शेवटी गुडगुडत असेल, तर तोही निराळा प्रकार आहे : त्याचा अरुंद पाइप फार लांब किंवा फार उतरता असल्याने पूर्ण भरून वाहतो आणि आपलेच सील ओढून नेतो. दुरुस्तीनंतर मी पट्टीने पुन्हा मोजले, तेव्हा फ्लशने पातळी जेमतेम तीन मिलिमीटर उतरली होती. ही दोन्ही मापे तारखेसह लिहून मी समितीच्या फाइलमध्ये लावायला दिली आहेत, म्हणजे पुढच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी तो पाइप कोणी पुन्हा बंद करू लागले, तर दाखवायला कागद हाताशी असेल.