तिसरा इक्विव्हॅलंट

“सर, डायब्रोमाइडपासून अल्काइन करताना काढायचे दोनच HBr आहेत, मग सोडियम अमाइड तीन इक्विव्हॅलंट कशाला? आणि कुठे दोन, कुठे तीन, कुठे नुसतं ‘जास्त’ असं का लिहितात?”

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मात्र गेली अनेक वर्षे मी या प्रश्नाला जे उत्तर देत आलो, त्यातला अर्धा भाग आज मलाच पुरेसा वाटत नाही, हे आधीच कबूल करतो.

छोटे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. टर्मिनल अल्काइनच्या टोकावरचा हायड्रोजन आम्लधर्मी असतो, त्याचा pKa सुमारे 25, आणि अमोनियाचा सुमारे 38. त्यामुळे अल्काइन तयार होताच अमाइड त्याचा प्रोटॉन काढून घेते आणि तिसरा रेणू तिथे खर्ची पडतो. हे सांगितले की समोरची मुले माना डोलावतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतलाच एखादा पुन्हा येऊन म्हणतो, “पण सर, तो तिसरा रेणू अल्काइन तयार झाल्यानंतर खर्च होतो ना? मग अल्काइन तर दोनातच झालं!” हे ऐकून मी पूर्वी चिडत असे. चिडण्याचे खरे कारण एवढेच की एम.एस्सी.ला असताना अगदी हाच युक्तिवाद मी स्वतः केला होता, तोही वहीत नव्हे तर फ्लास्कमध्ये.

मला फेनिलअ‍ॅसिटिलीन करायचे होते. स्टायरीनवर ब्रोमीन घालून मिळवलेले डायब्रोमाइड माझ्याजवळ होते. ते पांढरे, स्फटिकी आणि सुमारे 73 अंशांना वितळणारे असते. त्यातले 26.4 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल, मी तोलून घेतले. जुन्या बाटलीतले सोडियम अमाइड वापरायचे नाही एवढी अक्कल तेव्हाही होती, कारण हवा लागून पिवळे पडलेले अमाइड स्फोटक असू शकते. म्हणून ते तिथेच तयार करायचे ठरले. उणे 33 अंशांना उकळणारा द्रव अमोनिया फ्लास्कमध्ये जमवायचा, त्यात चिमूटभर फेरिक नायट्रेट टाकायचे आणि सोडियमचे तुकडे एकेक करून सोडायचे. आधी गडद निळा रंग येतो, हायड्रोजन निघत राहतो, आणि निळा जाऊन राखाडी गढूळपणा आला की सोडियमचे अमाइड झाले असे समजायचे. सोडियमचा एक अणू म्हणजे अमाइडचा एक रेणू, तेव्हा तीन इक्विव्हॅलंटसाठी 6.9 ग्रॅम सोडियम हवे होते. मी 4.6 ग्रॅम घेतले. चुकून नव्हे. वहीत मी चक्क लिहिले होते की तिसऱ्या इक्विव्हॅलंटचा अल्काइनच्या निर्मितीशी संबंध नाही, सबब तो वाया जातो. त्या ‘सबब’ शब्दाची मला आजही लाज वाटते.

डायब्रोमाइड कोरड्या ईथरमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडले, थोडा वेळ ढवळले, अमोनियम क्लोराइड घालून अभिक्रिया थांबवली आणि अमोनिया उडून जाऊ दिला. ईथरच्या थरातले थोडे द्रावण घेऊन अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकले, तर लगेच पांढरा साका आला. (तो वाळू द्यायचा नसतो, वाळलेले सिल्व्हर अ‍ॅसिटिलाइड फुटते, ओला असतानाच त्यावर विरल नायट्रिक आम्ल ओतून तो नष्ट करायचा.) साका पाहून मी इतका खूश झालो की मार्गदर्शकांना जाऊन सांगितलेही की दोन पुरतात. चाचणीने टर्मिनल अल्काइन आहे एवढेच सांगितले होते. किती आहे, हे मी तिला विचारलेच नव्हते.

कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केले तेव्हा ते समजले. सिद्धांताप्रमाणे 10.2 ग्रॅम यायला हवे होते, हाती आले 3.9. फ्लास्कच्या तळाशी मात्र पिवळसर, जड द्रव उरला होता, आणि तो अल्काइनच्या तापमानाला वर यायला तयार नव्हता. तांब्याची तार ज्योतीत तापवून त्या द्रवात बुडवली आणि पुन्हा ज्योतीत धरली, तर ज्योत हिरवीगार झाली. हॅलोजन अजून तिथेच होता. पुढे NMR मध्ये 5.8 आणि 6.1 च्या आसपास दोन संकेत दिसले. ते एकाच कार्बनवरच्या दोन व्हिनिल हायड्रोजनांचे होते. म्हणजे तो द्रव मुख्यतः अल्फा-ब्रोमोस्टायरीन होता: एक HBr गेलेला, दुसरा अडकलेला.

मार्गदर्शकांनी रागावण्याऐवजी मला खडू दिला आणि हिशेब करायला सांगितले. तो हिशेब मी तेव्हापासून आजवर तसाच शिकवत आलो आहे. एक मोल डायब्रोमाइड आणि दोन मोल अमाइड घ्या. पहिले विलोपन सोपे असते, बेंझिल जागेवरचा प्रोटॉन पटकन निघतो. त्यात एक मोल अमाइड संपते आणि एक मोल ब्रोमोस्टायरीन तयार होते. उरले एक मोल अमाइड. दुसरे विलोपन अवघड असते, कारण आता ब्रोमीन दुहेरी बंधाच्या कार्बनवर बसलेला असतो आणि तो बंध अधिक घट्ट असतो. तरीही समजा एक रेणू अल्काइन झाला. त्याचा प्रोटॉन अमाइडला दिसला की ते शेजारच्या ब्रोमोस्टायरीनची वाट पाहत बसत नाही. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवरच्या प्रोटॉनइतकी ही देवघेव तत्काळ होत नसली, तरी दुसऱ्या विलोपनापेक्षा ती पुष्कळ वेगवान असते, आणि pKa मधला तेरा एककांचा फरक पाहता ती परतही फिरत नाही. म्हणजे अल्काइनच्या प्रत्येक रेणूमागे अमाइडचे दोन रेणू जातात, एक तो तयार करायला आणि दुसरा त्याचा प्रोटॉन काढायला. उरलेल्या एक मोलातून अर्धा मोल अल्काइन मिळते आणि अर्धा मोल ब्रोमोस्टायरीन तसेच राहते. तयार झालेले अ‍ॅसिटिलाइडही बेसच असते, पण उणे 33 अंशांना व्हिनिल ब्रोमाइडमधून HBr काढण्याइतका जोर त्याच्यात नसतो.

माझ्या जुन्या युक्तिवादाची चूक इथे होती. मी अभिक्रिया कागदावरच्या क्रमाने वाचत होतो: आधी सगळ्या रेणूंचे पहिले विलोपन, मग सगळ्यांचे दुसरे, आणि प्रोटॉनचा प्रश्न शेवटी, जणू तोवर प्रत्येक रेणू आपली पाळी येईपर्यंत थांबणार होता. तिसरा इक्विव्हॅलंट अल्काइन करत नाही, हे माझे म्हणणे खरेच होते. पण तो नसला की त्याची जागा भरायला दुसऱ्यातलाच निम्मा जातो, हे मला दिसले नव्हते.

पुस्तकांत आकडा बदलतो त्याची कारणे साधी आहेत. स्टिलबीन डायब्रोमाइडपासून डायफेनिलअ‍ॅसिटिलीन करायचे असेल तर अल्काइनच्या टोकाला हायड्रोजनच नसतो, मग दोन पुरतात. अकरावीच्या पुस्तकांत पहिला HBr अल्कोहोलिक KOH ने काढतात आणि अमाइड दुसऱ्यासाठीच ठेवतात. तिथे व्हिनिल ब्रोमाइडच्या एका मोलामागे अमाइड दोन मोल हवे, पण बाणावर नुसते NaNH2 लिहिलेले असते आणि मुले एकच मोजतात. सगळे KOH नेच का करत नाही, असेही तुम्ही विचारता. हायड्रॉक्साइड अल्काइनचा प्रोटॉन नाममात्रच काढू शकते, त्यामुळे तिथे तिसऱ्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण दुसरे विलोपन घडवायला खूप जास्त तापमान लागते, आणि 1-ऑक्टाइनसारख्या साखळीत त्या तापमानाला तिहेरी बंध टोकावरून आत सरकतो. अमाइडच्या बाबतीत अ‍ॅसिटिलाइडचे मीठ बनणे हाच टोकावरच्या बंधाचा आधार असतो. तेव्हा तिसरा रेणू ‘वाया’ जातो, हेही पूर्ण खरे नाही.

इथवर मी बिनधास्त असतो. अडचण पुढे आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही डायब्रोमाइड थेंबाथेंबाने सोडलं होतं ना? मग सुरुवातीला फ्लास्कमध्ये अमाइड भरपूर होतं. पहिल्या थेंबांना तिन्ही मिळाले असणार.” मी फळ्यापाशी थबकलो. तिचे बरोबर होते. दुसरे विलोपन थेंब पडण्याच्या वेगापेक्षा जलद असेल, तर डायब्रोमाइडचा प्रत्येक रेणू येताच तीन अमाइड घेऊन अ‍ॅसिटिलाइड होतो, दोन तृतीयांश मोल संपेपर्यंत सगळे अमाइड उडते, आणि शेवटच्या एक तृतीयांशाला काहीच मिळत नाही. मग कमाल उत्पादन निम्मे नव्हे, दोन तृतीयांश. आणि उरते ते ब्रोमोस्टायरीन नव्हे, तर कोरे डायब्रोमाइड. शिवाय अ‍ॅसिटिलाइडला पहिले, सोपे विलोपन जमत असेल, तर त्या उरलेल्या डायब्रोमाइडचेही ब्रोमोस्टायरीन होणार. म्हणजे तळाशी ब्रोमोस्टायरीन सापडले एवढ्यावरून माझा ‘निम्म्याचा’ हिशेब सिद्ध होत नाही.

घरी येऊन जुनी वही काढली. दुसऱ्या वेळी मी 7.6 ग्रॅम सोडियम घेतले होते, म्हणजे 3.3 इक्विव्हॅलंट, आणि त्यातून 7.2 ग्रॅम अल्काइन मिळाले होते. हाताळणीत जाणारी तूट दोन्ही वेळा सारखी धरली, तर पहिल्या वेळी निम्म्याच्या हिशेबाने 3.6 ग्रॅम यायला हवे होते आणि दोन तृतीयांशाच्या हिशेबाने 4.8. माझे होते 3.9. निम्म्याच्या जवळ आहे, पण एका प्रयोगावर मी पैज लावणार नाही, कारण डायब्रोमाइड मी किती वेळात सोडले याची नोंदच वहीत नाही. तिथे फक्त ‘हळूहळू’ असे लिहिले आहे.

त्याच पानाच्या खाली, पेन्सिलीने, उरलेला द्रव रात्रभर बर्फात ठेवल्याची एक ओळ आहे: ‘सकाळी तळाशी थोडे पांढरे स्फटिक, गाळून टाकले.’ त्यांचा वितळबिंदू मी घेतला नव्हता.