सहा तारखेला ये

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. दुपारचे तीन वाजले होते. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस होता आणि माझ्या समोरच्या दोन खुर्च्यांवर तीन माणसं बसली होती. त्यांतल्या एका काकांना आपला पासवर्ड नक्की आठवत होता, फक्त पोर्टलला तो आठवत नव्हता. तेवढ्यात फोन थरथरला. मावसबहिणीचा मुलगा.

‘मावशी, भेटायचं होतं थोडं. केव्हा येऊ?’

मी मेसेज वाचला आणि दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे आता त्याला कळलं की मावशीनं पाहिलंय. वाचलं नसतं तर संध्याकाळपर्यंत सवड होती. पण वाचून गप्प बसणं हेही उत्तरच असतं, आणि समोरचा त्याचा अर्थ आपल्या मनानं लावतो.

आम्हा सीएंच्या धंद्यात सप्टेंबर हा महिना नसतोच, तो एक बोगदा असतो. त्या वर्षी तर ३१ जुलैची मुदत वाढून १५ सप्टेंबर झालेली, तिच्या मागोमाग ३० ला ऑडिट रिपोर्टची मुदत, आणि मध्येच २२ पासून जीएसटीचे नवे दर लागू होणार म्हणून प्रत्येक दुकानदाराचा फोन. अशा दिवसांत ‘केव्हा येऊ’ला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: ‘हो रे, करते तुला फोन.’ मी ते टाइपही केलं होतं. पाठवलं नाही, कारण मला माझी मैत्रीण आठवली.

आदल्या वर्षी तिनं असंच विचारलं होतं. वडिलांच्या घराचे कागद दाखवायचे होते. मी लिहिलं, ‘दिवाळी होऊ दे गं, मग निवांत बसू.’ मनापासून लिहिलं होतं, टाळायचं म्हणून नाही. पण ‘दिवाळीनंतर’ ही काही तारीख नाही. भाऊबीज झाली की दिवाळी संपते म्हणावं, तर तुळशीचं लग्न व्हायचं असतं. ते उरकलं की लग्नसराई, आणि आमच्या नागपुरात त्यावर अधिवेशन. गणपती झाले की, पितृपक्ष संपला की, अधिवेशन आटोपलं की. या सगळ्या ‘की’ंना कुलपं नसतात. डिसेंबरात एका लग्नात ती भेटली आणि बुफेच्या रांगेत म्हणाली, ‘मी तुझ्या फोनची वाट पाहून राहिली होती.’ रागावलेली नव्हती. तेच जास्त लागलं. तिला वाटलं होतं मी फोन करणार, आणि मला वाटलं होतं ती करणार. कागद तिनं तोवर दुसऱ्या कुणाला दाखवले होते.

म्हणून या वेळी पासवर्डवाल्या काकांना पाणी दिलं आणि डायरी उघडली.

ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर, मंगळवार. भोळेपणानं १ ऑक्टोबर द्यावासा वाटतो. पण मुदतीचा दुसरा दिवस हा आमच्याकडे लग्नघराच्या दुसऱ्या दिवसासारखा असतो. मांडव उतरवायचा असतो, कुणाची सही राहिलेली असते, कुणाची फाइल भलत्याच कपाटात. शिवाय महिनाभर ‘३० झाली की बोलू’ म्हणून ज्यांना ढकललं, ते सगळे त्याच सकाळी फोन करतात. २ ला गांधी जयंती आणि त्या वर्षी दसराही त्याच दिवशी. माझं ऑफिस बजाजनगरला, दीक्षाभूमीपासून जवळ, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत तिथले रस्ते गाड्यांचे नसतात, देशभरातून आलेल्या माणसांचे असतात. ३ ला शुक्रवार, निम्मी मुलं रजेवर. मग शनिवार-रविवार. म्हणजे खरी मोकळी होणारी पहिली तारीख ६, सोमवार. तिला अडचण आली तर पर्याय म्हणून मंगळवार लिहिणार होते, पण ७ म्हणजे टीडीएस भरायचा दिवस. म्हणून ८.

आता ‘६ नंतर’ लिहायचं की ‘६ ला’? मराठीत ‘नंतर’ फार दगाबाज शब्द आहे. ‘३० नंतर’ म्हणजे ३० धरून की सोडून, आणि नंतर म्हणजे किती नंतर? ज्या भाषेत झालेला परवा आणि येणारा परवा एकच असतो, तिथे वार आणि तारीख दोन्ही लिहिलेली बरी. वार लिहिल्याचा आणखी एक फायदा असा, की तारीख चुकली तर वारामुळे लगेच पकडली जाते.

शेवटी जे पाठवलं ते असं:

‘तुझा मेसेज मिळाला. ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिटमध्ये अडकली आहे, त्याआधी नीट बोलणं व्हायचं नाही. सोमवारी, ६ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेपाचला ऑफिसला ये, अर्धा तास ठेवते. नाही जमलं तर बुधवारी, ८ ला, त्याच वेळी. डायरीत लिहून ठेवलं आहे, परत फोन करायची गरज नाही. पण त्याआधी कुठे सही करायची असेल किंवा पैसे द्यायचे असतील, तर तेवढं आत्ताच एका ओळीत लिही.’

भाच्याला लिहिताना हे जरा सरकारी वाटतं, मला मान्य आहे. पण यातलं ‘सॉरी रे, खूपच बिझी, श्वास घ्यायलाही वेळ नाही’ हे मी मुद्दाम खोडलं. आपल्या कामाचं रडगाणं ऐकल्यावर समोरच्यालाच अपराधी वाटतं, आणि मग तो ‘राहू दे मावशी, काही खास नव्हतं’ म्हणतो. खास असतं. म्हणून कारण एका ओळीत, आणि त्याला अर्धा तास हे आधीच सांगितलेलं, म्हणजे तो तेवढंच घेऊन येईल आणि मीही घड्याळाकडे चोरून बघणार नाही.

‘परत फोन करायची गरज नाही’ हे त्या मैत्रिणीमुळे आलं. आता चेंडू कुणाकडे आहे याचा गोंधळ नाही. त्यानं फक्त यायचं.

आणि शेवटची ओळ. ती मी जवळजवळ लिहिणारच नव्हते, कारण ती लिहिली की आणखी एक उत्तर येतं आणि आणखी एक काम निघतं. पण तीन आठवड्यांनंतरची वेळ देताना, मधल्या तीन आठवड्यांत काय बिघडू शकतं हे विचारलं नाही, तर तारीख देणं म्हणजे हात झटकणं. दहा मिनिटांत उत्तर आलं:

‘२२ ला सही आहे. घटस्थापनेचा मुहूर्त. मित्रासोबत टिफिनचं सुरू करून राहिलो, भागीदारीपत्र तयार आहे.’

बघा. ‘भेटायचं होतं थोडं’च्या पोटात हे होतं. पितृपक्ष चालू म्हणून थांबला होता, नाहीतर एव्हाना सही झालीही असती. साध्या भागीदारीत धंद्याचं देणं भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतं, मित्रानं केलेल्या उधारीसकट. एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, सहसा तसं होत नाही, पण तिची कागदपत्रं आणि दरवर्षीचा खर्च जास्त. दोघांत काय निवडायचं हे अर्ध्या तासाचं बोलणं आहे. थांबायला सांगणं मात्र एका ओळीचं काम. लिहिलं, ‘२२ ला घट बसव, सही करू नको. ओट्याला हळद-कुंकू लाव, डबे सुरू कर, कागद ६ ला बघू.’ त्यावर अंगठा आला. काका पासवर्ड विसरल्याचं अखेर कबूल करत होते. रात्री उशिरा विवरणपत्राची मुदत एका दिवसानं वाढल्याचं कळलं, आणि कुणाला आनंद झाला असेल तर त्या काकांना.

पण खरी गंमत २५ तारखेला झाली. ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर गेली. ऑफिसातल्या मुलांनी तर्री-पोहे मागवले. आमची शिकाऊ आर्टिकल मुलगी मोठ्या उत्साहानं डायरी घेऊन आली, ‘मॅडम, आता ६-८ च्या भेटी नोव्हेंबरात टाकू ना? सगळ्यांना एकच मेसेज टाकते.’

मोह झाला, खोटं कशाला बोला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा अचानक माझा झाला असता. पण डायरीतलं पान पाहिलं. भाचा, एक निवृत्त मास्तर, एक डॉक्टर बाई आणि आणखी दोघं. रोज तीनच अर्धे तास ठेवले होते, त्याहून जास्त कुणाला दिले नव्हते, नाहीतर ऑक्टोबरचाच सप्टेंबर होतो. सहाव्याला मी स्पष्ट नाही म्हटलं होतं, कारण त्याच्या नोटिशीला उत्तर द्यायची तारीख ६ च्या आधीची होती. त्याला तारीख देणं म्हणजे त्याला बुडवणं, म्हणून दुसऱ्या सीएचा नंबर दिला. या पाचांपैकी कुणालाही मी ‘ऑडिट झाल्यावर’ असं सांगितलं नव्हतं. ६ आणि ८ सांगितलं होतं. माझी मुदत सरकली ही माझी गोष्ट, त्यांनी आपली कामं माझ्या तारखेभोवती लावून टाकली होती. मास्तरांनी तर त्यासाठी वर्ध्याहून यायचं तिकीटही काढलं होतं.

‘राहू दे,’ मी म्हटलं. मुलीनं चेहरा पाडला आणि पोह्यांवर जास्तीची तर्री घेतली.

सोमवारी पाच पंचवीसला भाचा हजर. हातात फाइल, दुसऱ्या हातात डबा. त्यांच्या टिफिनमधली पुडाची वडी, सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, भरपूर घातलेली, अजून गरम. एलएलपी की भागीदारी यावर आम्ही अर्ध्या तासाऐवजी पंचावन्न मिनिटं बोललो, हा माझ्या सगळ्या शिस्तीचा पराभव आहे. शेवटी ठरलं की मित्राच्या नावावर जुनं कर्ज आहे का हे आधी विचारायचं, मग बाकीचं. ते त्यानं विचारलंच नव्हतं.

निघताना तो दारात थांबला. ‘मावशी, तुमच्याकडे आज दूध नाही का?’

‘कसलं दूध?’

‘कोजागिरी आहे ना.’

मी डायरीत बँकेच्या सुट्ट्या पाहिल्या होत्या, टीडीएस पाहिला होता, दसऱ्याचे बंद रस्ते पाहिले होते. पंचांग पाहिलं नव्हतं. घरी सोसायटीच्या गच्चीवर आठ वाजता माझ्याच नावावर केशर-वेलची आणायची जबाबदारी होती, आणि घड्याळात साडेसहा. त्याच्या गाडीवर मागे बसून धरमपेठेत गेले. दुकानात माझ्यासारखेच विसरलेले सातजण रांगेत होते.