ओवाळणीचं दृश्य मी खोडलं तेव्हा

वस्तीतल्या सणांवर तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचं ठरलं आणि पटकथा माझ्याकडे आली. पहिल्या खर्ड्यात दिवाळीचं दृश्य असं होतं: शेजारच्या मुस्लिम काकू आमच्या दारात आरतीचं तबक ओवाळतात. पुढे ईदला मी नमाजाच्या रांगेत उभी. लिहिताना मला ते फार सुंदर वाटलं होतं.

काकूंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, दिवाळीला मी दरवर्षी तुझ्याकडे येते. कधी ओवाळलंय का मी? आमच्यात इबादत फक्त अल्लाची. ते मला नाही जमायचं, आणि नाही म्हणायलाही अवघड वाटलं असतं."

त्यांचं शेवटचं वाक्य मला लागलं. शेजारधर्मापोटी माणूस हो म्हणतो आणि कॅमेऱ्यासमोर अवघडतो. ते अवघडणं पडद्यावर दिसतं: हात चालतो, डोळे खाली असतात.

मग मी प्रत्येक घरात एकच विचारलं, "सणाच्या दिवशी तुम्ही एकमेकांकडे खरंच काय करता?" उत्तरांतून नवं दृश्य उभं राहिलं:

दृश्य: संध्याकाळ. काकू दाराशी. आतून आई येते.
आई: "या ना आत. आरती व्हायचीय अजून."
काकू: "होऊ दे निवांत. मी बसते इथं."
दृश्य: आत आरती चालू. काकू खुर्चीत, मांडीवर आमचं लेकरू. आरती संपते, आई फराळाची ताटली घेऊन त्यांच्याशेजारी बसते.

पूजा करणारे पूजा करतात, पाहुणा पाहुणा राहतो, आणि तरी दोघींमधली माया पहिल्या खर्ड्यापेक्षा जास्त दिसते. ईदच्या दृश्यातही मी रांगेतून बाहेर आले. नमाज सुरू असताना कॅमेरा दाराबाहेरच्या चपलांवर ठेवला, माणसं बाहेर पडून गळाभेट घेऊ लागली की मी चौकटीत येते. प्रार्थना करणाऱ्याच्या समोरून कॅमेरा न्यायचा नाही, हे मी पटकथेतच लिहून टाकलं, कारण घाईत चित्रीकरण करणाऱ्याला ते आठवत नाही.

सणांची यादीही तपासावी लागली. मी आनंदाच्या दृश्यांमध्ये गुड फ्रायडे धरला होता. तो येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा दिवस, शुभेच्छांचा नव्हे. त्याऐवजी ईस्टर घेतला. मोहरमच्या दहाव्या दिवशी शिया घरांत शोक असतो, म्हणून तोही वगळला. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे चित्रीकरणासाठी लागून दोन दिवस मोकळे ठेवले.

संकलनात एक चूक राहून गेली होती. अजानच्या आवाजावर ढोलकीचं पार्श्वसंगीत चढलं होतं. प्रत्येक घराला आपला भाग आधी दाखवायचा, असं ठरवलं होतं म्हणून ती पकडली गेली. आता त्या वीस सेकंदांत संगीत नाही. अजान संपते, मग मुलांचा गलका ऐकू येतो.