सातवी संपली, शाळेचं अकाऊंट अजून चालू

एप्रिल, सुट्टीचे पहिले दिवस

धाकटीची सातवी झाली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेचा दाखला मिळाला आणि आता आठवीला ती बेळगावच्या हायस्कुलात जाईल. शाळेनं तिला दिलेलं गुगलचं अकाऊंट मात्र तसंच आहे. क्लासरूम, ड्राइव्ह, मेल, सगळं त्यात. तिचे गृहपाठ आहेत, कविता म्हणतानाचे व्हिडिओ आहेत, वर्गातले फोटो आहेत. ज्या शाळेत ती आता नाही, तिथं हे पडून राहावं असं मला वाटत नाही.

जाऊबाई घाबरल्या. "अकाऊंट काढलंस तर दाखल्याची अडचण येईल गं." तसं काही नाही. दाखल्यावरचा सॅट्सचा नंबर ही कर्नाटक शिक्षण खात्याची नोंद. ती पोरीबरोबर नव्या शाळेत जाते आणि तिला कुणी हात लावत नाही. गुगलचं अकाऊंट शाळेनं वर्गासाठी उघडलेलं, त्याचा सॅट्सशी संबंध नाही.

मोबाईलमधून अकाऊंट काढलं की काम झालं, असं पुष्कळजण धरून चालतात. त्यानं फक्त आपला मोबाईल मोकळा होतो, शाळेकडचं सगळं जागच्या जागी राहतं. शाळेचं अकाऊंट मुलाला किंवा पालकाला पुसता येत नाही. ते काम शाळेच्या ॲडमिनचं, म्हणजे आमच्याकडे कॉम्प्युटरच्या सरांचं.

पण सरांकडे जाण्याआधी घरी दोन कामं आहेत, कारण अकाऊंट गेलं की ती करताच येत नाहीत.

पहिलं, तिच्या वस्तू काढून घेणं. `takeout.google.com` वर तिच्या लॉगिननं गेलं की सगळ्याची झिप फाईल तयार होते. तिची लिंक त्याच मेलवर येते आणि साधारण आठवडाभरच चालते, म्हणून आली की लगेच उतरवून घेतली. काही शाळा ही सोय बंद ठेवतात. तेव्हा सरांनाच सांगावं लागतं.

झिपमध्ये कवितेचा एक व्हिडिओ दिसेना. कारण शोधल्यावर उलगडलं. क्लासरूममध्ये मुलानं काम जमा केलं की फाईलची मालकी शिक्षकांकडे जाते आणि त्यांनी तपासून परत केल्यावरच ती पुन्हा मुलाकडे येते. तो व्हिडिओ परत करायचा राहून गेला होता. म्हणजे उद्या धाकटीचं अकाऊंट पुसलं तरी तो बाईंच्या ड्राइव्हमध्ये राहिला असता. बाईंना फोन केला. त्यांनी संध्याकाळीच वर्षभराचं राहिलेलं सगळं परत केलं. मग झिप नव्यानं काढली.

दुसरं, त्या अकाऊंटनं उघडलेली बाकीची ॲप. `myaccount.google.com/connections` वर यादी दिसते. तिथं गणिताच्या सरावाचं एक ॲप निघालं. त्यात जाऊन, सेटिंगमधून तिचं खातं आधी पुसलं. गुगलचं अकाऊंट आधी गेलं असतं तर त्या ॲपचं दारच बंद झालं असतं आणि आत तिचं नाव, वय आणि गुण अडकून राहिले असते.

मग मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि माहिती पुसून मागायचा हक्क देतो. पण त्याचे नियम आले २०२५च्या नोव्हेंबरात आणि हा हक्क लागू व्हायला त्यापुढं दीड वर्ष. म्हणून कायद्याचा धाक घातला नाही. साधं लिहिलं: मुलीनं शाळा सोडली आहे, अकाऊंट नुसतं बंद न ठेवता काढून टाकावं, आणि काढताना तिच्या ड्राइव्हमधल्या फाईली दुसऱ्या कुणाच्या नावे करू नयेत. शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण काढताना ॲडमिनला फाईली कुणाला द्यायच्या का, असं विचारलं जातं.

मे

सर म्हणाले, "झालं ओ ताई." तिच्या जुन्या पत्त्यावर मी माझ्या मेलवरून एक ओळ पाठवून पाहिली. मेल परत आला. उत्तरात `5.2.1` हा आकडा आणि अकाऊंट निष्क्रिय असल्याचा मजकूर. म्हणजे अकाऊंट स्थगित केलेलं होतं, काढलेलं नव्हतं. स्थगित अकाऊंटचा डेटा सगळा जपलेला असतो. सरांना तो मेल दाखवला. त्यांनी माझ्यासमोर यादीतून नाव काढलं. पुन्हा मेल पाठवला, तेव्हा `5.1.1` आणि `does not exist` आलं. हेच हवं होतं.

त्यानंतरही २० दिवस ॲडमिनला अकाऊंट परत आणता येतं. ती मुदत बाहेरून दिसत नाही, मेलचं उत्तर पहिल्या दिवसापासून तेच येतं. त्यामुळं मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

सातवीच्या बाकी मुलांची अकाऊंटं अजून आहेत. सर ती सगळी जूनमध्ये एकदम काढणार म्हणतात. मी त्यांना विनंती केली की आधी पालकांना कळवा, कारण कुणाची झिप अजून निघालेली नाही. वर्गाच्या ग्रुपवर त्यांनी ३१ मे ही तारीख टाकली आहे.