ढाक बहिरीला चकवा लागला, बॅकट्रॅक लावलं तर घड्याळ परत गुहेकडेच न्यायला लागलं

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, आम्ही तिघं, मी, मन्या आणि मन्याचा मामा. जांभिवलीत गाडी लावून सातला निघालो, कोंडेश्वराच्या देवळात नमस्कार केला आणि ढाकच्या कातळातल्या बहिरीच्या गुहेकडे चढायला लागलो. ढाकला जाऊन आलेल्यांना माहितीच असेल, की त्या कातळातल्या दोराच्या टप्प्याची सगळे भीती घालतात पण खरी गंमत त्याच्या आधीच्या रानात आहे. देऊळ सोडल्यावर पठारावर एवढ्या ढोरवाटा फुटतात की कुठली माणसांची न कुठली म्हशींची कळत नाही. त्यात पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढं, वाट असली तरी दिसत नाही. सकाळी एक गुराखी भेटला होता, तो म्हणाला जाताना चुकत नाही कुणी, येताना चुकतात. आम्ही हसलो.

जाताना खरंच काही झालं नाही. जीपीएस घड्याळात चाललेल्या वाटेचं रेकॉर्डिंग देवळापासून चालू होतं. दहाच्या आसपास कळकराय सुळका आणि ढाकच्या मधल्या खिंडीत पोचलो, घळ उतरलो, गर्दी कमी होती म्हणून दोराचा टप्पा पण पटकन झाला, बहिरीचं दर्शन घेऊन एकच्या आत परत घळ चढून वर. तिथून थोडं पुढे रानात सावली बघून दशम्या सोडल्या.

इथे पहिली चूक माझी. जेवायला बसताना मी घड्याळ पॉज केलं, उगाच अर्धा तास बसल्याचा वेळ नको म्हणून. १:२० ला उठलो आणि बोलत बोलत निघालो, परत चालू करायचं डोक्यातून गेलं. मन्याने वाटेत एका मोठ्या कोळ्याच्या जाळ्याचा फोटो काढला (ते नंतर कामाला येणारे, लक्षात ठेवा), मामा पुढे, आणि १:४२ ला माझं मनगटाकडे लक्ष गेलं तेव्हा मी ते चालू केलं. म्हणजे २२ मिनिटं काहीच नोंदलं गेलं नाही.

साधारण अडीचला वाट बारीक होत होत कारवीत घुसली आणि मग एकदम संपलीच. समोर कडा, खाली कोकणाकडची दरी. मामा म्हणे थोडं उजवीकडे बघू, मग थोडं डावीकडे बघू, असं करत कारवीत पंधरा मिनिटं घोटाळलो. तिघांच्या हातावर ओरखडे. २:५० ला मी म्हणलं आता कुणीच कुठे जायचं नाही, बसा, पाणी प्या, घड्याळात बॅकट्रॅक आहे, ते आल्या वाटेने परत नेतं.

बऱ्याच घड्याळांत थांबवायचं बटण दाबलं की जो मेनू येतो त्यात परत जायचा पर्याय असतो. कुणाच्या घड्याळात Back to Start आणि त्याच्या आत TracBack, कुणाच्या घड्याळात कंपासमध्ये पावलांचं चित्र आणि Retrace Steps, ट्रेकिंगच्या ॲपमध्ये आणखी काही. हे घाईत करू नका कारण त्याच मेनूत शेजारी सेव्ह आणि डिस्कार्ड असतं, घामाच्या बोटाने डिस्कार्ड झालं तर आख्खा ट्रॅक गेला. चुकून सेव्ह झालं तर घाबरायचं नाही, बहुतेक घड्याळांत जुनी ॲक्टिव्हिटी हिस्टरीतून उघडून त्या रेघेवरून चालता येतं. दुसरं म्हणजे तिथे दोन पर्याय दिसले, एक आल्या वाटेने आणि एक सरळ रेषेत, तर सह्याद्रीत सरळ रेषेच्या नादाला लागू नका, सरळ रेषेत कडा असतो नाहीतर घळ.

मी आल्या वाटेनेवाला निवडला. घड्याळ म्हणालं ८.९ किलोमीटर बाकी. मन्या ओरडलाच, नऊ किलोमीटर? देऊळ फार तर तीन-साडेतीन असेल. दोन मिनिटं मला पण कळेना, मग ट्यूब पेटली. घड्याळाला आपण परत चाललोय हे माहितीच नाही. त्याच्याकडे सकाळपासूनची एकच लांबच लांब रेघ आहे, देवळापासून गुहेपर्यंत आणि गुहेपासून इथपर्यंत. ती उलटी फिरवली की काय होणार, आधी परत जेवणाच्या जागी, मग घळ उतरून गुहेत, मग परत घळ चढून देवळाला. म्हणजे आम्ही बाणाच्या मागे मुकाट्याने गेलो असतो तर संध्याकाळी परत बहिरीच्या दारात. जाऊन-येऊनच्या ट्रेकमध्ये परतताना हरवलात आणि तेव्हा बॅकट्रॅक दाबलं तर हे होणारच, त्यामुळे बाकीचं अंतर आधी बघा आणि ते आपल्या अंदाजाशी जुळतं का ते ताडा.

मग बाण सोडून दिला आणि नकाशाचं पान उघडून ५० मीटरच्या स्केलपर्यंत झूम केलं. लांबून बघितलं तर सगळ्या रेघा एकावर एक बसतात, काही कळत नाही. झूम केल्यावर चित्र स्वच्छ. सकाळची रेघ आमच्या डावीकडे साधारण १८० मीटरवर. मामा लगेच उठला, अरे मग जाऊ ना आडवं, पाच मिनिटांचं काम! पण मधे उंचीच्या रेषा गच्च दाटलेल्या होत्या, म्हणजे खोल घळ, आणि कारवीतून वाकून बघितलं तर झाडांचे शेंडे आपल्या पायाच्या खाली. मामा गप बसला.

तर ठरलं असं, की दुपारची रेघ धरून मागे जायचं, जिथे ती सकाळच्या रेघेला मिळते तिथपर्यंतच, आणि तिथून सकाळची रेघ उलटी धरायची. आमच्या घोटाळ्याचा भाग रेघेत लोकरीच्या गुंत्यासारखा दिसत होता, तो परत चालायची गरज नव्हती, गुंत्याच्या अलीकडचं टोक गाठलं की झालं.

चालताना दोन गोष्टी कळल्या. उभं राहून बाण बघितला तर तो गरगर फिरतो, दहा-पंधरा पावलं चाललं की मग खरी दिशा धरतो, म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून नाही तर थोडं पुढे जाऊन बघायचं आणि रेघेपासून लांब जातोय असं दिसलं तर लगेच मागे. आणि दाट झाडीत नाहीतर कड्याच्या पोटाशी रेघ सहज दहा-पंधरा मीटर इकडे तिकडे होते. मन्या रेघेवरच पाय पडला पाहिजे म्हणून सरळ झुडपात घुसत होता, त्याला म्हणलं अरे रेघ ढोबळ दिशेला, पायाखालचं डोळ्याने बघ. घासलेला दगड, मोडलेली कारवी, आपल्याच काठीची भोकं. ओढा ओलांडताना मात्र दहा मीटरचा फरक पण भारी पडतो, आपण ह्या काठाने आलो का त्या काठाने हे घड्याळ सांगू शकत नाही.

पावणेचारला १:४२ च्या जागेवर आलो. आणि तिथून पुढे रेघ एकदम पट्टीने मारल्यासारखी सरळ, जेवणाच्या जागेपर्यंत, ३१० मीटर. ही ती पॉजची करामत. जिथे नोंद नसते तिथे घड्याळ दोन टोकं नुसती जोडून टाकतं आणि बाण पण इमानदारीत तीच दिशा दाखवतो, खोटं आहे हे त्याला कुठे माहिती. ओळखायचं कसं? रानातली वाट कधीच इतकी सरळ नसते, हे एक. दुसरं, २२ मिनिटांत आम्ही आमच्या चालीने सहा-सातशे मीटर तरी चाललो असणार, आणि रेघ ३१० ची, म्हणजे खरी वाट वळसा घालून होती. फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांना हे न विसरता पण भोगावं लागतं, बॅटरी सेव्हर ॲपला मागच्या मागे झोपवतो आणि ट्रॅकमध्ये अशाच सरळ रेघा येतात, म्हणून निघायच्या आधी त्या ॲपपुरता बॅटरी सेव्हर बंद करा. घड्याळातल्या बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये पण ठिपके लांब लांब पडतात आणि वळणं कापली जातात.

आणि नेमके आम्ही चुकलो होतो ते ह्याच २२ मिनिटांत.

इथे मन्याचा कोळी आठवला. त्याच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असतं, फोटोची माहिती उघडली तर वेळ १:३१ आणि अक्षांश-रेखांश. ते फोनच्या ऑफलाइन नकाशात टाकले तर ठिपका पडला सरळ रेघेच्या बराच उजवीकडे, आमच्यापासून दीडशे मीटरवर. मामाला १:४२ च्या जागेवर उभं केलं, शिट्टी दिली त्याच्याकडे, म्हणजे आम्हाला काही सापडलं नाही तर परत यायला एक खात्रीची जागा राहील. मी आणि मन्या ठिपक्याकडे निघालो, वाटेत एक सुका ओढा, आणि पलीकडे दोन झाडांच्या मधे ते जाळं, हातभर लांब, ऊन पडून पिवळं चमकत होतं, मधोमध ती काळी-पिवळी बया तशीच बसलेली. मी आयुष्यात कोळी बघून एवढा खूश झालो नव्हतो. शिट्टी मारून मामाला बोलावलं.

तिथून जेवणाची जागा सोपी होती. जाताना फाटा पण दिसला, सकाळी आम्ही डावीकडून आलो होतो आणि दुपारी गप्पांत उजवीकडची ढोरवाट धरली होती, ती जास्त मळलेली दिसते कारण म्हशी रोज जातात. सव्वाचार झाले होते. पुढे सकाळची रेघ उलटी, एकदाही न चुकता, ५:५० ला कोंडेश्वर. सूर्य जवळजवळ बुडालेला. गावात पोचलो तेव्हा बॅटरी लावावी लागली.

आता जाणाऱ्यांनी काय करायचं, तर बॅकट्रॅक हरवल्यावर नाही, परत फिरतानाच लावायचं. गुहेतून निघायच्या आधी जातानाची ॲक्टिव्हिटी सेव्ह करा, नवीन चालू करा, आणि तिच्यात सकाळचा ट्रॅक उलटा लावून त्यावर चाला. ह्याने वाट सोडली की घड्याळ तिथल्या तिथे थरथरून सांगतं (ती ऑफ कोर्सची सूचना चालू आहे ना ते घरी बघून घ्या), आणि तरीही हरवलात तर नवीन रेकॉर्डिंगचं बॅकट्रॅक फक्त परतीच्या वाटेपुरतं चालेल, गुहा मधे येणार नाही. पॉजला हातच लावू नका, जेवणाचा वेळ धरला गेला तर धरू दे. हा सगळा सराव एकदा सिंहगडाला नाहीतर घरामागच्या टेकडीवर करून बघा, मेनू कुठे आहे हे कड्याच्या टोकावर शोधायला मजा येत नाही.

आणि एक, वर जाताना चढलेला कातळ आल्या वाटेने उतरता येईलच असं नाही, बॅकट्रॅकला चढ-उताराची अक्कल नाही. पावसाळ्यात सकाळी घोट्याएवढा ओढा दुपारी छातीएवढा होतो, रेघ मात्र तशीच त्यातून जाते.

ट्रॅक हवा असेल त्यांनी मागा, देतो. फक्त सकाळचा भाग वापरा, गुहेपर्यंतचा. दुपारच्या भागात ती ३१० मीटरची सरळ रेघ अजून तशीच आहे, आणि तिच्यावरून चालायला गेलात तर मधे साठेक फूट खोल घळ आहे.