पदरावरची सावली

पुण्यात कॅटलॉगचे फोटो रिटच करणं हे माझं रोजचं काम. त्वचा, सुरकुत्या, पिनांच्या खुणा यात दिवस जातो. मागच्या सीझनला मात्र एका पैठणीच्या कॅटलॉगने डोकं खाल्लं.

शूट दोन टप्प्यांत झालं होतं आणि मधल्या काळात मॉडेलने केस खांद्यापर्यंत कापले. दुकानाच्या शेठना सगळ्या पानांवर तेच लांब मोकळे केस हवे होते. गंगावन लावून परत शूट करू, असं फोटोग्राफर दादा म्हणाले, पण खर्चाचं नाव काढताच शेठ गप्प. मग फाइल माझ्याकडे. "फोटोशॉपमध्ये होतंय की!" हे वाक्य म्हणणाऱ्याला स्वतः कधी ते करावं लागत नाही.

केस आणले तिच्याच पहिल्या शूटमधून. अडचण अशी, की तिथे प्रकाश डावीकडून होता आणि इथे उजवीकडून. म्हणून तुकडा आडवा उलटवला. खांद्याखालचेच केस घेत असल्याने भांग चुकीच्या बाजूला जाण्याचा प्रश्न नव्हता. जुना फोटो मात्र लांबून काढलेला होता, त्यामुळे तुकडा मोठा करावा लागत होता. फार ताणला की एकेक केस सुतळीएवढा दिसतो, शेजारी खरे केस असले की लगेच कळतं. शेवटी जेवढा ताण सहन झाला तेवढाच घेतला आणि उरलेली लांबी दुसरा तुकडा जोडून भरून काढली.

जोड खांद्यावर एका रेषेत घेतला तर टोप घातल्यासारखं दिसतं. कापलेल्या केसांची टोकं निमुळती आणि विरळ झालेली असतात, म्हणून त्यांच्या बऱ्याच वर, जिथे केस अजून दाट आहेत, तिथे शिरावं लागतं. तेही प्रत्येक बट वेगळ्या उंचीवर. बटेचा ओघ कानामागून कुठे वळतोय ते आधी बोटाने स्क्रीनवर गिरवायचं, मग पपेट वॉर्पने तुकडा त्या वळणात बसवायचा. लिक्विफायने ओढलं की केसांचा लगदा होतो. वरून बारीक ब्रशने, पेनच्या दाबावर जाडी ठेवून, जोडावरून जाणारे थोडे केस हाताने काढले. काही मुद्दाम ओघाच्या विरुद्ध, कारण खऱ्या केसांत असे चुकार असतातच.

कडेच्या भुरभुरत्या केसांसाठी सोपी युक्ती असते. जुना फोटो फिक्या पडद्यावरचा, म्हणून तो थर मल्टिप्लायवर टाकला, म्हणजे त्यातला फक्त गडद भाग खालच्या फोटोत मिसळू दिला, की पडदा निघून जातो आणि केस उरतात. पण खाली गडद जांभळी पैठणी होती. मल्टिप्लायमधल्या केसांतून बुट्ट्या दिसायला लागल्या! म्हणून मधला दाट भाग मास्कने नीट कापून घेतला आणि मल्टिप्लाय फक्त कडेला ठेवला.

मग चमक. डोक्यावर प्रकाशाचा एक पट्टा होताच, आणलेल्या तुकड्याने छातीजवळ दुसरा आणला. केस जिथे दिव्याकडे वळतात तिथेच असा पट्टा पडतो आणि इथे ते सरळ खाली येत होते. कर्व्हजने तो दाबला आणि खालच्या टोकांना पैठणीच्या जांभळ्याची अगदी हलकी झाक दिली.

खरा वेळ खाल्ला सावलीने. आधी आखूड केसांची सावली खांद्यावरून पुसावी लागली. ती राहिली तर कुठून पडलीय ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. नवी सावली दोन थरांत केली: केस टेकतात तिथे अरुंद आणि गडद, गळ्याच्या हाडाखालच्या खोलगट भागावरून केस अधांतरी जातात तिथे रुंद आणि मऊ. त्वचेवर ती काळी नाही, लालसर तपकिरी. पदराच्या काठाशी ती मोडते आणि पुढे कापडाच्या घडीप्रमाणे वळते. जरीवर नुसता काळा रंग ओतला तर ती मळकट दिसते. सावलीत जरीची लकाकी आधी जाते, म्हणून तिथे फक्त उजळ भाग खाली आणले. फोटो आडवा उलटवून, लहान करून, काळापांढरा करून पाहिला. कुठेच खटकला नाही.

शेठनी पाहिलं आणि म्हणाले, "पदरावर हा डाग कसला?"

सावली आहे म्हटलं. "गिऱ्हाईक साडी विकत घेणार आहे, सावली नाही. काढा."

काढली तर केस कापडावर तरंगायला लागतात. शेवटी टेकलेल्या जागेची अरुंद सावली ठेवली आणि मऊ सावली खांद्यावर पूर्ण, पण पदरावर जेमतेम दिसेल इतकी ठेवली. शेठ खूश झाले. छापून आल्यावर मला त्या पानावर केस काठापाशी उचलल्यासारखे दिसतात, दुसऱ्या कोणालाही नाही. काठ आणि बुट्टी पूर्ण दिसावी हा त्यांचा हट्ट तसा धंद्याला धरून आहे, हेही खरं. पण मग काठावर केस सोडलेच कशाला?

दादांना सांगून ठेवलंय, पुढच्या कॅटलॉगला अंबाडा घाला.